धार बारीक झाली, पण कुठे?

जळगाव असो की धुळे, नळाला पाणी रोज येत नाही. टाकी तळाला जाते, नवं पाणी पडलं की गाळ ढवळतो आणि पाइपात उतरतो. एकाच नळाची धार बारीक असेल तर दोष बहुधा त्याच्या तोंडच्या जाळीत. ती फडक्यात धरून फिरवून काढा. उलट्या बाजूने पाणी सोडलं की माती निघते. पांढरा थर मात्र पाण्यातल्या क्षारांचा. तो असेल तर जाळी व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवा. मातीवर व्हिनेगर वाया जातं. शॉवरची रबरी छिद्रं अंगठ्याने चोळा, सुईने रबर फाटतं. वॉशिंग मशीनची जाळी कॉक बंद करून, नळी काढून पकडीने हलकेच ओढा. नळाची जाळी परत बसवण्याआधी मिनिटभर पाणी मोकळं सोडा, नाहीतर पाइपातला उरलेला गाळ पुन्हा तिथेच अडकतो.