सवलतीचा माल किती भरावा?

आपल्या वस्तीतील बरेच तरुण अलीकडे नोकरीची वाट पाहत न बसता लहानसे दुकान टाकतात. कोणी बचत गटाचे कर्ज घेतो, कोणी घरातील दागिना मोडतो. जून महिना आला की अशा दुकानाच्या दारात फलक लागतो, "वह्यांवर १५ टक्के सूट". गर्दी होते, गल्ला भरतो आणि महिनाभराने घाऊक व्यापाऱ्याचे बिल देण्याची वेळ आली की पैसे कमी पडतात. उरलेला माल मात्र खाटेखाली रचलेला असतो. असे का होते आणि ते कसे टाळावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपण वह्या-दप्तरांचे एक लहान दुकान डोळ्यांपुढे ठेवू. आकडे समजण्यास सोपे व्हावेत म्हणून आम्ही ते पूर्णांकात घेतले आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

या दुकानात २०० पानी मोठी वही ६० रुपयांस विकली जाते आणि ती ४२ रुपयांस पडते. म्हणजे वहीमागे १८ रुपये सुटतात. १५ टक्के सूट दिली की वही ५१ रुपयांस जाते आणि सुटतात फक्त ९ रुपये. गिऱ्हाइकाला सूट १५ टक्के दिसते, पण दुकानदाराची मिळकत निम्मी झालेली असते. तेवढेच पैसे मिळवायचे तर त्याला दुप्पट वह्या विकाव्या लागतात. किती माल भरावा हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

पहिली गोष्ट म्हणजे सूट नसती तर त्याच दिवसांत किती माल गेला असता हे काढणे. याला आपण मूळ विक्री म्हणू. अनेक जण येथे मे महिन्याची विक्री धरतात आणि "सवलतीमुळे विक्री पाचपट झाली" असे समजतात. पण शाळा उघडताना वह्या खपतातच. ती वाढ हंगामाची असते, सवलतीची नव्हे. म्हणून तुलना मागील वर्षांच्या त्याच दिवसांशी करावी. तीही तारखेवरून न करता शाळा उघडण्याच्या दिवसावरून करावी. राज्यात बहुतेक ठिकाणी शाळा जूनच्या मध्यास उघडतात, तर विदर्भात उन्हामुळे महिनाअखेरीस उघडतात. त्यामुळे पुण्यातील नातेवाइकाच्या दुकानाचा १० जूनचा आकडा नागपूरच्या दुकानाला उपयोगी पडत नाही.

आपल्या दुकानाने दोन वर्षांपूर्वी सूट दिली नव्हती. तेव्हा हंगामाच्या १२ दिवसांत ३० डझन वह्या गेल्या होत्या. गेल्या वर्षी त्याच १२ दिवसांसाठी सूट जाहीर केली, ५० डझन वह्या भरल्या आणि त्या सगळ्या संपल्या. मग यंदा किती आणाव्यात? ३० चे ५० झाले म्हणजे पावणेदोन पटीच्या आत वाढ, तेव्हा यंदाही ५० डझन, असे चटकन वाटते. येथेच मोठी चूक होते. बिलबुक उघडून पाहिले तर वह्या आठव्या दिवशी संध्याकाळीच संपलेल्या आढळतात. पुढचे चार दिवस विक्री शून्य होती ती मागणी नव्हती म्हणून नव्हे, तर माल नव्हता म्हणून. विक्रीचा आकडा हा मागणीचा आकडा नसतो; माल संपल्यावर तो मुका होतो.

म्हणून माल होता तेवढ्याच दिवसांची तुलना करावयाची. दोन वर्षांपूर्वी पहिल्या ८ दिवसांत २० डझन गेल्या होत्या, गेल्या वर्षी तेवढ्याच दिवसांत ५० डझन. म्हणजे वाढ अडीच पट झाली. पण शेवटच्या चार दिवसांना अडीच पट लावू नये, कारण सवलतीची ओढ पहिल्या दिवसांत जास्त असते आणि ज्यांना घ्यायचे ते लवकर घेऊन जातात. या चार दिवसांची मूळ विक्री १० डझन आहे. तिला दुप्पट धरले तर २० डझन होतात. पहिल्या ८ दिवसांचे ५० आणि शेवटचे २० मिळून ७० डझन हा आपला अंदाज झाला.

आता या वाढलेल्या वह्या कोणी नेल्या हे पाहणे आवश्यक आहे. त्याच दुकानात जुलै महिन्यात एरवी २४ डझन वह्या जात. गेल्या वर्षी सवलतीनंतरच्या जुलैत १२ डझनच गेल्या. म्हणजे पालकांनी जुलैच्या वह्या जूनमध्येच स्वस्तात नेऊन ठेवल्या. जून-जुलैचा एकत्र हिशेब केला तर चित्र स्पष्ट होते. सूट नसताना ३० आणि २४ मिळून ५४ डझन जात. डझनामागे २१६ रुपये सुटत, म्हणजे एकूण ११,६६४ रुपये. सूट दिल्यावर जूनचे ५० डझन १०८ रुपयांप्रमाणे ५,४०० आणि जुलैचे १२ डझन २१६ रुपयांप्रमाणे २,५९२, एकूण ७,९९२ रुपये. वह्या ८ डझन जास्त गेल्या आणि पैसे साडेतीन हजारांहून अधिक कमी आले. यातील काही तोटा माल संपल्यामुळे झाला हे खरे. पण ७० डझन विकले असते तरी मिळकत १०,१५२ रुपयेच झाली असती.

यावरून सूट देऊच नये असे आमचे म्हणणे नाही. सुटीचा काही भार घाऊक व्यापाऱ्याने उचलला पाहिजे, एवढाच याचा अर्थ. जास्त मालाच्या मोबदल्यात वही ४२ ऐवजी ३८ रुपयांस मिळाली, तर ७० डझनांवर आणि जुलैच्या १२ डझनांवर मिळून १३,५१२ रुपये सुटतात आणि सूट परवडते. हे बोलणे फलक लावण्यापूर्वी करावयाचे असते, नंतर नव्हे. आणखी एक काळजी अशी की जुलैसाठी नेहमीचा माल मागवू नये. सवलतीनंतर उरणाऱ्या मालाचा मोठा भाग पुष्कळदा सवलतीचा नसतो. तो सवयीने मागवलेला पुढच्या महिन्याचा असतो.

सगळ्या वस्तूंना मात्र एकच माप लावून चालत नाही. साधी वही उरली तर ती पुढे पुऱ्या किमतीस विकली जाते. नुकसान एवढेच की पैसा अडकतो. चित्र छापलेल्या दप्तराचे तसे नाही. जून सरला की ते कोणी विचारत नाही आणि पुढच्या वर्षी मुलांना दुसरेच चित्र हवे असते. असे दप्तर ३०० रुपयांस पडते, सवलतीत ३८० ला जाते, आणि उरले तर १८० रुपयांस काढून टाकावे लागते. विकले तर ८० चा नफा, उरले तर १२० चा तोटा. दोन्हींची बेरीज २००, त्यात तोटा १२०, म्हणजे शंभरात साठ. याचा अर्थ असा की, एखादे जास्तीचे दप्तर विकले जाण्याची शक्यता शंभरात साठ किंवा अधिक वाटत असेल तरच ते आणावे. कमीत कमी २५, बहुधा ३५ आणि फार तर ५० दप्तरे जातील असा अंदाज असेल, तर मधल्या आकड्याच्याही थोडे खाली, ३२ च्या आसपास थांबावे. दोन-तीन गिऱ्हाइके रिकाम्या हाताने परत जातील. ते या हिशेबात धरलेलेच आहे.

वह्यांच्या ७० डझनांकडे परत येऊ. सगळा माल एकदम आणू नये. पहिल्या खेपेस ४० डझन आणावे आणि उरलेल्या ३० डझनांसाठी व्यापाऱ्याकडून त्याच भावाने, मागितल्यावर दोन दिवसांत देण्याचा शब्द घ्यावा. सुरुवातीचे तीन दिवस हीच खरी परीक्षा असते. या तीन दिवसांची मूळ विक्री ७ डझन आहे. अडीच पटीने साडेसतरा डझन जावयास हवेत. समजा, १४ डझनच गेले. म्हणजे अंदाजाच्या शंभरास ऐंशी. उरलेल्या नऊ दिवसांचा अंदाज साडेबावन्न डझन होता. त्याचे शंभरास ऐंशी म्हणजे ४२ डझन. दुकानात २६ डझन शिल्लक आहेत, तेव्हा ३० ऐवजी १६ डझनच मागवावे. एकूण विक्री ५६ डझन होईल.

हा आकडा कमी करण्यापूर्वी कारण मात्र तपासावे. त्या तीन दिवसांत मुसळधार पाऊस होता काय? शाळेने वह्यांची यादी अजून दिली नव्हती काय? तसे असेल तर मागणी गेलेली नसते, पुढे ढकललेली असते. मग आणखी एक दिवस थांबून ठरवावे. तसे काही नसेल तर मन घट्ट करून आकडा कमी करावा. येथे नफाही पहिल्या अंदाजाइतका होणार नाही हे मान्य केले पाहिजे. परंतु सगळे ७० डझन आधीच आणले असते तर १४ डझन उरले असते. त्यात ६,३८४ रुपये गुंतले असते, आणि ज्या जुलैत १२ डझनच खपतात त्या महिन्यात ते सुटलेही नसते. कर्जाचा हप्ता मात्र त्याच महिन्यात असतो.

शेवटचे दिवस मोहाचे असतात. रॅक रिकामा दिसतो म्हणून दुकानदार घाईने माल मागवतो आणि तो माल सवलत संपल्यावर येऊन पडतो. माल यावयास दोन दिवस लागत असतील, तर शेवटच्या चार दिवसांत नवी मागणी नोंदवू नये. फलकावर "साठा असेपर्यंत" आणि "एका कुटुंबास दोन डझन" असे पहिल्या दिवसापासून लिहावे, म्हणजे दुसरा दुकानदार येऊन सगळा माल उचलणार नाही. दप्तरे मागे पडत असतील तर त्यांच्याबरोबर वह्या जोडून देण्याची युक्ती गर्दी असतानाच, म्हणजे सवलत संपण्यापूर्वी तीन-चार दिवस करावी. गर्दी ओसरल्यावर तीच दप्तरे आणखी स्वस्त करून काढावी लागतात. आणि ठरलेल्या दिवशी सवलत बंद करावी. "आणखी आठ दिवस" अशी मुदत वाढवली की पुढच्या वर्षी गिऱ्हाईक पहिल्या दिवशी येत नाही, आणि आपला तीन दिवसांचा अंदाजही फसतो.

शेवटी वहीत तीन नोंदी ठेवाव्यात : रोज किती माल गेला, कोणता माल कोणत्या दिवशी किती वाजता संपला, आणि माल नाही म्हणून किती गिऱ्हाइके परत गेली. तिसऱ्या नोंदीसाठी प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक उभी रेघ पुरे. सुटीत दुकानात बसणारे आपले विद्यार्थी हे काम सहज करू शकतात. पुढच्या जूनमध्ये घाऊक व्यापारी "किती पाठवू?" असे विचारील, तेव्हा उत्तर या रेघा मोजून देता येईल.