मोजणी डोक्यांची नव्हे, नावांची

रायगडच्या सहलीला सातवीच्या ८४ मुलांची नावं आली. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची सही असलेली संमतीपत्रं आणि एसटीच्या दोन गाड्यांचं आरक्षण झालं, की बाई खरं काम हाती घेतात: बारा-बारा मुलांचे सात गट, प्रत्येक गटाला एक शिक्षक आणि एक यादी. यादीत नावापुढे पालकांचा फोन, ॲलर्जी आणि चालू औषध.

सहलीच्या पहाटे तीन मुलं आलीच नाहीत. इथेच घोळ होतो. बाई गाडी सुटण्यापूर्वीच त्यांची नावं खोडतात, त्यांच्या घरी फोन करून खात्री करतात आणि दिवसभराचा आकडा ८१ ठरवतात. नाहीतर गडावर कुणी हरवलं तरी ‘तो सकाळीच आला नव्हता’ असं वाटून जातं.

दुसरा घोळ गाडी बदलण्याचा. मैत्रिणीशेजारी बसायला एक मुलगी दुसऱ्या गाडीत जाते. एकीकडे ३९, दुसरीकडे ४२. म्हणून नुसती डोकी न मोजता गटवार नावं पुकारायची, ‘हजर’ ऐकायचं आणि चेहरा पाहायचा.

रोपवेच्या पाळण्यात गट विभागला जातो. एक शिक्षक आधी वर, एक शेवटपर्यंत खाली. दोघांकडे यादीची प्रत. वरची आणि खालची नावं जुळली, की पालकांच्या गटावर एकच निरोप जातो: ‘८१ मुलं गडावर सुखरूप.’