खिडकीचा उजेड आणि टेबल लॅम्प: बेडरूममधल्या कामाच्या कोपऱ्याचे रेंडर

रेंडर म्हणजे संगणकात उभ्या केलेल्या खोलीचे, हिशेबाने काढलेले छायाचित्र. भिंती, टेबल, शेल्फ, दिवा यांची मापे आणि पृष्ठभाग कसे आहेत ते सांगितले की उजेडाचा किरण कुठून निघतो, कुठे आपटतो आणि कॅमेऱ्यापर्यंत काय पोहोचते, हे सॉफ्टवेअर मोजते. ब्लेंडर हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर आणि त्यातले सायकल्स हे रेंडर इंजिन याच पद्धतीने चालते. बेडरूममधल्या कामाच्या कोपऱ्याचे चित्र सुताराला काम देण्याआधी पाहता येते ते यामुळेच. मात्र अशा चित्रात एक अडचण हमखास येते. बाजूच्या खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड आणि टेबल लॅम्पचा उजेड यांचे प्रमाण चुकते, आणि मग मापे अचूक असूनही चित्र खोटे वाटते.

पुण्यातली एक 10 बाय 12 फुटांची बेडरूम धरू. पूर्वेच्या भिंतीत, दक्षिण कोपऱ्यापासून फूटभर सोडून, 4 बाय 4 फुटांची खिडकी आहे. खिडकीचा कट्टा जमिनीपासून 3 फुटांवर. दक्षिणेच्या भिंतीला लागून 4 फूट लांब, 2 फूट रुंद आणि 30 इंच उंच टेबल. त्याची डावी कड खिडकीच्या भिंतीला टेकलेली. बसणाऱ्याचे तोंड दक्षिणेला, म्हणून उजेड डावीकडून येतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या हाताची सावली कागदावर पडत नाही, आणि खिडकी स्क्रीनच्या समोर किंवा मागे नसल्याने डोळ्यांवर झळ येत नाही. रेंडरलाही हीच मांडणी मानवते. समोरून आलेला उजेड सगळे सपाट करतो. बाजूने आलेल्या उजेडात टेबलाची कड, पुस्तकांच्या पाठी आणि पडद्याच्या चुण्या उठून दिसतात.

पुढचा प्रश्न वेळेचा. मार्चअखेरीस सकाळी नऊला या खिडकीतून उन्हाचा तिरका पट्टा टेबलाच्या उंचीवर सहा-साडेसहा फूट आत येतो. त्या उन्हात लॅम्प लावला तरी तो लागलाय हे कळणारही नाही. दुपारी ऊन खिडकीतून निघून जाते, तरी मोकळ्या आकाशाचा उजेड खिडकीलगत हजार-दोन हजार लक्स भरू शकतो. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारा प्रकाश. आता लॅम्पचे गणित पाहू. 500 लुमेनचा बल्ब टेबलापासून दीड फुटावर आहे आणि शेडमुळे त्याचा उजेड साधारण अर्ध्या चौरस मीटरवर पडतो असे धरले, तर तिथे 1000 लक्स येतात. शेडमध्ये काही प्रकाश मुरतो तो वजा केला की सातशे-आठशे उरतात. म्हणजे भर दुपारी खिडकीजवळ लॅम्प हरतो, आणि संध्याकाळी सहाला, पूर्वेच्या आकाशाचा उजेड खिडकीशी तीनशे-चारशे लक्सवर उतरल्यावर, लॅम्पखालचे वर्तुळ ठळक दिसू लागते. दोन्ही उजेड एकाच चित्रात हवे असतील तर हीच वेळ खरी. लॅम्प ठेवायचा टेबलाच्या उजव्या टोकाला, म्हणजे खिडकीचा उजेड जिथे कमी पडतो तिथे.

ब्लेंडरमध्ये यासाठी Sky Texture घेऊन Sun Elevation सुमारे 10 अंश ठेवावा आणि सूर्य पश्चिमेला वळवावा. इथे बहुतेक नवशिके एक चूक करतात. हे आकाश खऱ्या आकाशाइतके तेजस्वी असते, त्यामुळे पहिले चित्र पांढरेफटक येते. मग आकाशाची Strength 1 वरून 0.1 केली जाते. चित्र सुधारते, पण आकाश एक दशांश झाले आणि लॅम्प तेवढाच राहिला, म्हणजे त्यांच्या तुलनेत लॅम्प दहापट झाला. कमी करायचे असते ते एक्स्पोजर. कॅमेऱ्याचे छिद्र लहान केल्याप्रमाणे त्याने दोन्ही उजेड एकाच प्रमाणात उतरतात. लॅम्पच्या वॅटचाही असाच घोळ होतो. 500 लुमेनच्या एलईडी बल्बच्या खोक्यावर पाच-सहा वॅट लिहिलेले असते. ती खर्च होणारी वीज. ब्लेंडर मागतो ते बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे वॅट, आणि ते सव्वा ते दीडच भरतात. खोक्यावरचा आकडा तसाच टाकला की लॅम्पखालचा कागद जळाल्यासारखा पांढरा होतो. चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. लॅम्पखाली ठेवलेल्या कोऱ्या कागदाची कड दिसत नसेल, तर लॅम्प जास्त आहे.

रंगाचाही मेळ लागतो. पिवळसर एलईडी 3000 केल्व्हिनचा, तर निळ्या आकाशाचा उजेड 8000 केल्व्हिन किंवा त्याहून वरचा. लॅम्पला Blackbody मधून 3000 द्यावे आणि व्हाइट बॅलन्स दोहोंच्या मध्ये, 4500 ते 5000 च्या आसपास ठेवावा. मग खिडकीची बाजू थोडी निळसर, लॅम्पची बाजू थोडी पिवळी राहते. संध्याकाळी खोली डोळ्यांना अशीच दिसते. दोन्ही बाजू शुभ्र करण्याचा हट्ट धरला की बेडरूमची ऊब जाते आणि बँकेचे ऑफिस दिसू लागते.

कोपरा बेडरूममधला आहे, हे विसरून चालत नाही. अनेकजण कॅमेऱ्यात येणाऱ्या दोनच भिंती उभ्या करतात. पण उजेड मागच्या भिंतीवरून, छतावरून आणि पलंगावरून उसळून परत येतो, म्हणून खोली पूर्ण बांधावी लागते. पलंगावर लाल चादर असेल तर लगतच्या पांढऱ्या भिंतीवर लालसर झाक येणारच. ती दोष समजून पुसू नये. खिडकीच्या काचेचे मात्र वेगळे आहे. साध्या ग्लास मटेरियलमधून सायकल्सला आकाशाचा उजेड नीट आत आणता येत नाही, खोली अंधारते आणि ठिपके पडतात. काच काढून टाकावी, किंवा Is Shadow Ray वापरून सावलीच्या किरणांपुरती पारदर्शक करावी.

शेल्फ टेबलाच्या वर दीड-दोन फुटांवर, स्क्रीन खाली मावेल असे. खोली 10 इंच पुस्तकांना पुरते. खिडकीकडची बाजू प्लायने बंद केली तर शेल्फचा आतला भाग दिवसभर काळोखात राहतो, रेंडरमध्येही आणि घरातही; ती बाजू उघडी ठेवलेली बरी. फळी 18 मिलिमीटर प्लायची असेल तर तीन फुटांच्या आत आधार हवा, नाहीतर पुस्तकांच्या भाराने मधोमध झोळ येतो. संगणकातली फळी कधीच वाकत नाही, म्हणून सहा फूट लांब अधांतरी शेल्फ चित्रात सुरेख दिसते आणि सुतार ते पाहून मान हलवतो. फळीच्या कडांना एक-दोन मिलिमीटरची गोलाई द्यावी. खऱ्या कडेवर उजेडाची बारीक रेघ चमकते. सुरीसारख्या धारदार कडेवर ती येत नाही आणि फर्निचर कागदाचे वाटते.

कॅमेरा चार फूट उंचीवर, अगदी सरळ, म्हणजे भिंतींच्या उभ्या रेषा उभ्याच राहतात. लेन्स 24 मिलिमीटरपेक्षा रुंद घेतली तर दहा फुटांची खोली हॉलएवढी भासते, आणि घरमालकाची ती फसवणूक ठरते.

शेवटी ठिपके. शेल्फच्या खालच्या कोपऱ्यात फार थोडे किरण पोहोचतात, म्हणून तिथे चित्र सर्वांत जास्त दाणेदार राहते. डीनॉइझर हे दाणे पुसतो, पण सॅम्पल फार कमी असले तर दाण्यांबरोबर पुस्तकांच्या पाठीवरची अक्षरे आणि प्लायच्या लाकडी रेषाही चोपडतो. पूर्ण चित्र काढण्याआधी फक्त तेवढा कोपरा Render Region ने निवडून दोनदा काढावा, एकदा डीनॉइझर लावून आणि एकदा न लावता. न लावलेल्या चित्रात अक्षरे अंदाजाने वाचता येत असतील तर सॅम्पल पुरेसे आहेत. नसतील तर ते दुप्पट करून तोच तुकडा पुन्हा पाहावा.