उसन्या सुरांची मिस्सा

रोममधल्या दोरिको बंधूंच्या छापखान्यातून १५५४ साली पॅलेस्ट्रीनाच्या मिस्सांचा पहिला संग्रह बाहेर पडला. मुखपृष्ठावर सिंहासनावर बसलेले पोप जुलियस तिसरे आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकून आपला ग्रंथ अर्पण करणारा तरुण संगीतकार. पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात हे चित्र वारंवार छापलं जातं. पण ते मुळात पॅलेस्ट्रीनाचं नव्हेच. दहा वर्षांपूर्वी याच छापखान्यानं क्रिस्तोबाल दे मोरालेस या स्पॅनिश संगीतकाराच्या मिस्सांचा दुसरा संग्रह काढला, तेव्हा त्यावर हेच चित्र होतं. त्यात गुडघे टेकलेला होता मोरालेस, आणि समोर होते पोप पॉल तिसरे. दोरिकोंनी चेहरे बदलले, उघड्या पोथीतली स्वरलिपी बदलली, आणि बाकी सगळं तसंच ठेवलं.

आतल्या पानांवरही तोच व्यवहार चालू आहे. या संग्रहातली ‘व्हिर्तूते माग्ना’ ही मिस्सा माथ्यू लासों या आज जवळजवळ विसरल्या गेलेल्या संगीतकाराच्या मोटेटवर उभी आहे, आणि नावही त्या मोटेटचंच घेतलेलं आहे. पॅलेस्ट्रीनानं पुढे शंभराच्या वर मिस्सा लिहिल्या. त्यांतल्या जवळपास निम्म्या अशाच आधीच्या एखाद्या रचनेतून घडवलेल्या आहेत, काही दुसऱ्यांच्या तर काही त्याच्या स्वतःच्या. म्युनिकच्या दरबारातल्या लास्सोच्या मिस्सांत तर हे प्रमाण आणखी मोठं आहे. सोळाव्या शतकातल्या दोन सर्वांत नावाजलेल्या संगीतकारांचं निम्म्याहून अधिक मिस्सासंगीत उसन्या सामग्रीतून आलेलं आहे, आणि त्याबद्दल त्यांना कोणी चोर म्हटलं नाही.

या प्रकाराला संगीतशास्त्रात ‘पॅरडी मिस्सा’ म्हणतात. त्यात विडंबनाचा अंशही नाही. एकाच धुनेला आधार म्हणून घेण्याची पद्धत त्याआधीही होती. ‘लोम आर्मे’ या एका गाण्याच्या धुनेवर चाळीसच्या आसपास मिस्सा लिहिल्या गेल्या. पॅरडीत मात्र एकटी धून घेतली जात नाही. मूळ गाण्यातले सगळे आवाज, त्यांचा प्रवेशाचा क्रम, त्यांच्यातलं अंतर, त्यांची गुंफण हे सगळंच उचललं जातं आणि नव्या शब्दांसाठी नव्यानं विणलं जातं. आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या गाण्याचं नाव छापलेलं असतं, तसंच इथं मूळ गाण्याचं नाव मिस्सेच्या शीर्षकात उघडपणे असतं. पण पदात चाल बहुतेक तशीच राहते. पॅरडी मिस्सेत ती तशीच ठेवणं हा कमीपणा मानला जाई.

एका गाण्याचा प्रवास पाहिला की हे स्पष्ट होतं. ‘मिल रेग्रे’ हे चार आवाजांचं छोटंसं फ्रेंच गाणं. प्रिय व्यक्तीचा निरोप घेताना होणारं दुःख, आणि आता आपले दिवस थोडेच उरले आहेत ही भावना, एवढाच त्याचा विषय. पायरीपायरीनं खाली उतरणारे स्वर, उदास फ्रिजियन स्वरमेळ, आणि शेवटी एकच ओळ पुन्हा पुन्हा. १५३८ साली वाय्यादोलीदमध्ये लुईस दे नार्व्हाएसनं विउएला या तंतुवाद्यासाठी त्याचं रूपांतर छापलं आणि त्याला ‘सम्राटाचं गाणं’ म्हटलं. सम्राट म्हणजे पाचवा चार्ल्स. १५५१ साली अँटवर्पच्या तिलमान सुसातोनं त्यातून पाव्हान हे नाचाचं संगीत काढलं. दरम्यान १५४४ मध्ये मोरालेसच्या पहिल्या संग्रहात या गाण्यावरची सहा आवाजांची मिस्सा आली होती. निरोपाचं गाणं नृत्यसभेतही वाजत होतं आणि चर्चमध्ये वेदीसमोरही.

मोरालेसनं काय केलं? मूळ गाण्याची धून त्यानं बहुतेक ठिकाणी सर्वांत वरच्या आवाजाला लांबलेल्या स्वरांत दिली. तिच्याखाली उरलेले पाच आवाज त्याच गाण्याचे तुकडे घेऊन एकमेकांचा पाठलाग करतात. दोन मिनिटांच्या गाण्यात मावणारं दुःख इथं पसरून संथ आणि विराट होतं. कोणत्या क्षणी नेमकं कुठलं वाक्य ऐकू येतंय हे सांगता येत नाही, पण गाणं माहीत असलेल्याला ते सतत जाणवत राहतं. मिस्सेला आलेल्या दरबारी माणसांना ते माहीत होतंच.

हे काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. मिस्सेचे ठरलेले पाच भाग आहेत: किरिए, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस आणि आग्नुस देई. किरिएत मोजकेच शब्द, तर क्रेदोत लांबलचक मजकूर. थोड्या मिनिटांचं गाणं या सगळ्याला पुरवायचं कसं? पिएत्रो चेरोने या इटालियन पंडितानं १६१३ साली नेपल्समध्ये स्पॅनिश भाषेत छापलेल्या हजाराहून जास्त पानांच्या ग्रंथात याची रीतच सांगून ठेवली आहे. पाचही भागांची सुरुवात मूळ रचनेच्या सुरुवातीच्या कल्पनेनं करायची, पण दर वेळी ती वेगळ्या रीतीनं मांडायची: एकदा वरचा आवाज आधी, पुढच्या खेपेला खालचा, कधी स्वरांची जुळणी वेगळी. मोठ्या भागांचे शेवट मूळ रचनेच्या शेवटासारखे करायचे. किरिएच्या मधल्या ‘ख्रिस्ते’साठी मूळ रचनेतली एखादी दुय्यम कल्पना चालते. आतल्या कल्पना जितक्या जास्त वापरता येतील तितकं चांगलं. शेवटचं किरिए आणि दुसरी-तिसरी आग्नुस देई यांत मात्र संगीतकाराला मोकळीक आहे.

या नियमांत त्या काळाची नवेपणाविषयीची समज दिसते. सुरुवात तीच ठेव, पण पाच वेळा पाच तऱ्हांनी मांड, ही अट दुसऱ्याची धून उचलणाऱ्या आळशाला पेलणारी नाही. नवीन धून सुचणं ही त्यांच्या लेखी मोठी गोष्ट नव्हती. ओळखीच्या धुनेतून कोणाला न दिसलेलं काही काढून दाखवणं ही मोठी गोष्ट होती. ज्या मिस्सा फसल्या, त्या नेमक्या इथं फसल्या: मूळ गाणं तुकड्यातुकड्यांनी लॅटिन शब्दांवर चिकटवलं, आणि जोड दिसत राहिले.

आजच्या अभ्यासकांची अडचण वेगळी असते. त्या काळच्या संगीतात कितीतरी वळणं सगळ्यांच्याच वापरातली होती. वाक्य संपवण्याची ठरावीक तऱ्हा, चौथ्या किंवा पाचव्या स्वरावर घेतलेली उडी हे सगळीकडेच सापडतं. मग दोन रचना सारख्या वाटल्या की उसनवारी म्हणायची का? एकट्या धुनेचं साम्य पुरत नाही. दोन-तीन आवाज त्याच क्रमानं, त्याच अंतरानं, त्याच उंचीवर येऊ लागले की शंका जाते. शीर्षकातलं नाव नेहमी मदतीला येतं असंही नाही. १५६२ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं कामुक किंवा अपवित्र संगीताला चर्चमधून हद्दपार करण्याचा आदेश दिला. प्रेमगीतावरची मिस्सा त्याच नावानं छापणं त्यानंतर अडचणीचं झालं. पॅलेस्ट्रीनाच्या १५७० च्या संग्रहात ‘पहिल्या स्वरप्रकारातली मिस्सा’ असं साधं नाव असलेली एक रचना आहे. ती दोमेनिको फेर्राबोस्कोच्या ‘इयो मी सोन जोव्हिनेत्ता’ या तरुणीच्या गाण्यातून घडवलेली आहे. नाव गेलं, सूर राहिले, आणि ज्यांना ओळखायचे त्यांनी ते ओळखलेच असणार.

क्वोडलिबेट हा याच घरातला खेळकर भाऊ. पॅरडी एका रचनेत खोल शिरते, तर क्वोडलिबेट अनेक गाण्यांना एकाच वेळी गायला लावतो. फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या सेवेत असलेल्या हाइनरिख इझाकनं ‘दोन्ना दी देन्त्रो’ या रचनेत तीन इटालियन लोकप्रिय गाणी एकमेकांवर रचली. एक आवाज घरातल्या स्त्रीला हाका मारतो, एक खाऊचा तुकडा मागतो, तर एक नशिबाविषयी गातो. तिन्ही सूर एकमेकांना न खटकता जुळायला हवेत, आणि प्रत्येक गाणं ओळखूही यायला हवं. एकाचा स्वर जरा बदलला की ऐकणारा ते गाणं हरवतो, न बदलला तर दुसऱ्याशी टक्कर. क्वोडलिबेटचा सगळा कस या चिमटीत आहे.

मोरालेसचे संग्रह रोममध्ये छापले गेले त्याच १५४४ साली न्यूरेम्बर्गमध्ये व्हिएन्नाचा शाळामास्तर वोल्फगांग श्मेल्त्सल यानं अशा २५ जर्मन रचनांचं पुस्तक काढलं. त्याकडे केवळ विनोद म्हणून पाहणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे. त्यात ज्या गाण्यांच्या ओळी विखुरल्या आहेत, त्यांतली काही गाणी अन्यत्र उरलीच नाहीत. त्यांचा एवढाच तुकडा वाचला, तोही कोणीतरी तो उचलला म्हणून.

या सगळ्या उसनवारीवरून त्या काळात कर्त्याच्या नावाला किंमत नव्हती असा निष्कर्ष बरेच लेखक काढतात. तो चुकीचा आहे. त्सार्लीनो या इटालियन संगीतपंडितानं १५५८ मध्ये सांगितलेली एक हकिकत पुरेशी बोलकी आहे. पोपच्या गायकवृंदात ‘व्हेर्बुम बोनुम’ हे मोटेट जोस्कँ दे प्रेचं म्हणून मोठ्या आदरानं गायलं जाई. तरुण आद्रियान विलार्ट रोमला आला आणि म्हणाला, हे माझं आहे. त्यानंतर गायकांनी ते गायला नकार दिला. सूर तेच, फक्त नाव बदललं होतं. न्यूरेम्बर्गमध्ये छापलेल्या संग्रहांचा संपादक गेओर्ग फोर्स्टर यानंही १५४० मध्ये एका थोर माणसाचं मत नोंदवलं आहे: जोस्कँ जिवंतपणी लिहीत होता त्याहून जास्त आता मेल्यावर लिहितो. जोस्कँ १५२१ मध्ये वारला. त्याच्या नावावर खपवलेल्या रचनांचा ढीग तोवर एवढा वाढला होता.

म्हणजे नाव मौल्यवान होतं. सुरांवर मालकी नव्हती. जिथं पैशाचा प्रश्न होता तिथं छापण्याच्या हक्काचं संरक्षण होतं. व्हेनिसनं १४९८ मध्ये ओत्ताव्हियानो पेत्रूच्चीला वीस वर्षांसाठी असा हक्क दिला. लास्सोला १५८१ मध्ये सम्राट रुडॉल्फकडून आपल्या रचना कोणी छापाव्यात हे ठरवण्याचा अधिकार मिळाला. पण आपल्या गाण्यावर दुसऱ्यानं मिस्सा लिहू नये असं म्हणण्याचा अधिकार त्यात नव्हता, आणि लास्सोनं तो मागितल्याचंही दिसत नाही. तो स्वतः आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांवर मिस्सा लिहीत होता.

याच्या अगदी उलट टोकाला १९७६ साली अमेरिकेतल्या न्यायालयानं जॉर्ज हॅरिसनबाबत दिलेला निकाल आहे. ‘माय स्वीट लॉर्ड’ची धून ‘हीज सो फाइन’ या गाण्याची नक्कल आहे, हॅरिसननं ती जाणूनबुजून केली नसली तरी नकळत केली, म्हणून तो जबाबदार, असं न्यायाधीशांनी ठरवलं. सोळाव्या शतकातल्या कुठल्याही मिस्साकारासाठी तो निकाल अनाकलनीय ठरला असता. त्याला उसनं घेतलेलं लपवायचं नव्हतंच, उलट ते ओळखलं जावं अशी त्याची इच्छा होती. हॅरिसनच्या खटल्यात ओळखलं जाणं हाच पुरावा झाला. कायद्यानं कलावंतांचं पोट भरतं हे खरं, पण सुरांच्या त्या जुन्या देवघेवीवर त्यानं दार लावलं, आणि ते नुकसान छोटं नाही.

उरतो ‘मिल रेग्रे’चा कर्ता. नार्व्हाएसनं १५३८ मध्ये आणि सुसातोनं १५४९ मध्ये ते जोस्कँचं म्हटलं. पण १५३३ च्या पॅरिसच्या छापील प्रतीत नाव आहे जे. लमेर. जोस्कँच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी आलेली ती प्रत खरी मानायची की नंतरच्या साक्षी, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. वाचकांनी आधी ते चार आवाजांचं गाणं ऐकावं, दोनदा ऐकावं, मग नार्व्हाएसचं विउएलावरचं रूप, आणि शेवटी मोरालेसचं किरिए. या क्रमानं ऐकलं तर कोणाकडून काय घेतलं आणि कोणी त्यात काय घातलं, हे शास्त्राची पुस्तकं न उघडताही कळतं.