दोन औषधांच्या मध्ये सलाइन : थांबत थांबत का ढकलतात?

दीर्घ उपचारांसाठी पुष्कळ रुग्णांना सेंट्रल लाइन घालतात. ही बारीक नळी दंडातून, गळ्याजवळून किंवा छातीवरून आत जाते आणि तिचे टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असते. सोबत बसणारे नातेवाईक आम्हाला विचारतात, की सिस्टर प्रत्येक औषधानंतर सलाइन का सोडतात, आणि सिरिंज एकदम न दाबता ठोके दिल्यासारखी का दाबतात? नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या मुलींनाही हाच प्रश्न पडतो. म्हणून या वेळी एवढाच विषय घेतला आहे.

एक उदाहरण घेऊ. दंडात लाइन असलेल्या एका प्रौढ रुग्णाला सकाळी सेफ्ट्रियाक्सोन हे प्रतिजैविक आणि त्यानंतर कॅल्शियम ग्लुकोनेट द्यायचे आहे. ही दोन औषधे नळीत एकत्र आली तर त्यांचा पांढरा, न विरघळणारा साका तयार होतो. त्याने नळी बंद पडू शकते, आणि ते कण रक्तातून फुफ्फुसापर्यंत जाऊ शकतात. (२८ दिवसांपर्यंतच्या बाळाला तर ही जोडी, वेगळ्या नळीतूनसुद्धा, देत नाहीत.) म्हणून क्रम असा : सलाइन, सेफ्ट्रियाक्सोन, सलाइन, कॅल्शियम, पुन्हा सलाइन. सेफ्ट्रियाक्सोनच्या ड्रिप सेटमध्येही औषध उरलेले असते, तेव्हा कॅल्शियमसाठी सेट वेगळा घ्यावा.

आता हिशेब पाहा. दंडातल्या या नळीच्या पोकळीत साधारण एक मिलीच्या आतबाहेरच द्रव मावतो. मग मोठ्या माणसाला १० मिली सलाइन कशाला? कारण नळीतल्या मधल्या द्रवाला बाहेर काढणे सोपे असते, भिंतीला चिकटलेला थर काढणे अवघड. सिरिंज एकसारखी दाबली की पाणी नळीच्या मधून वेगाने जाते आणि भिंतीलगत मंद सरकते. ओढ्याच्या काठालगतचे पाणी संथ असते, तसेच हे. एक मिली ढकलून क्षणभर थांबले, पुन्हा एक मिली ढकलले, की प्रत्येक ठोक्याला प्रवाह घुसळतो आणि भिंतीवरचे औषध व रक्ताचे अंश सुटतात. असे दहा ठोके म्हणजे १० मिली. प्रयोगशाळेतल्या नळ्यांवर या पद्धतीने सफाई जास्त चांगली झालेली दिसते. रुग्णांमध्ये तिचा फायदा किती, याचा पुरावा मात्र अजून तोकडा आहे, हेही सांगायला हवे.

प्रत्यक्ष करताना हात धुऊन, नळीच्या तोंडाची टोपी अल्कोहोलच्या स्वॅबने १५ सेकंद घासायची आणि वाळू द्यायची. ओली असतानाच सिरिंज लावली तर घासण्याचा उपयोग अर्धाच. सिरिंज १० मिलीचीच घ्यावी, सलाइन कमी भरायचे असले तरी. दोन मिलीच्या बारीक सिरिंजने तेवढ्याच जोरात नळीत कितीतरी जास्त दाब येतो आणि नळी फाटू शकते. आधी दट्ट्या हलकेच मागे ओढून रक्त येते का ते पाहायचे, मग ढकलायचे. शेवटचा अर्धा मिली ढकलत असतानाच क्लॅम्प लावायचा. आधी हात सोडून मग क्लॅम्प लावला तर टोकातून रक्त नळीत मागे येते आणि तिथेच गोठते.

एक गोष्ट पुस्तकात असूनही वॉर्डात राहून जाते. कॅल्शियम दहाएक मिनिटे सावकाश दिले, तरी शेवटचा भाग नळीतच असतो. त्यानंतरचा सलाइनचा पहिला ठोका जोरात दिला, तर ते उरलेले कॅल्शियम एकदम हृदयाजवळ पोचते आणि नाडी मंदावू शकते. म्हणून पहिले एक-दोन मिली औषधाच्याच वेगाने, आणि ठोके त्यानंतर. रक्तदाब टिकवणारे नॉरअ‍ॅड्रेनॅलिन चालू असेल, तर त्या वाटेत सलाइन ढकलतच नाहीत.

सलाइन जात नसेल तर जोर लावू नये. क्लॅम्प उघडा आहे का, नळी दुमडली आहे का ते पाहावे. रुग्णाला हात वर करायला, कूस बदलायला, खोकायला सांगावे. तरीही अडले किंवा रक्त मागे येत नसेल, तर डॉक्टरांना कळवेपर्यंत त्या वाटेने औषध देऊ नये. ढकलताना गळ्यात, छातीत वा दंडात दुखले, सूज आली, टोपीजवळ ओल दिसली, तर तिथेच थांबावे. नातेवाइकांनी हे सिस्टरला लगेच सांगावे, संकोच करू नये.

आणि सलाइन सोडल्यानंतर तासाभरात हुडहुडी भरून ताप आला, तर तो साधा ताप समजून गोळी देऊन झाकू नका. नळीच्या आत जंतू बसल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी नळीतून आणि हातातल्या शिरेतून, दोन्हीकडचे रक्त तपासायला पाठवतात.