पहिल्या भेटीआधीचे एक पान

कंपनीच्या माहितीपत्रकाचा साचा विक्री विभाग पहिल्या भेटीआधी भरतो. त्यातले नाव, पत्ता, संचालक हे रकाने कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून पाच मिनिटांत भरतात. खरी माहिती त्याच नोंदीतल्या बोजाच्या रकान्यात असते, आणि तोच बहुधा कोरा राहतो. कंपनीने मालमत्ता तारण ठेवून कर्ज घेतले की त्याची नोंद तिथे होते.

समजा, हवेचे कॉम्प्रेसर विकणारा माणूस कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीत जाणार आहे. चार महिन्यांपूर्वी तिथे यंत्रसामग्रीवर नवा बोजा चढलेला दिसला, तर विस्तार चालू असण्याची शक्यता आहे. मात्र कर्ज खेळत्या भांडवलाचेही असू शकते. म्हणून पानावर निष्कर्ष न लिहिता प्रश्न लिहावा: ‘नवी भट्टी येते आहे का? हवेची गरज किती वाढेल?’

उलाढालीच्या आकड्याशेजारी आर्थिक वर्ष हवेच. मार्चअखेरचे ताळेबंद साधारण ऑक्टोबरपर्यंत दाखल होतात, त्यामुळे ऑगस्टमधल्या भेटीत हाती असलेला आकडा बहुधा मागच्याच्या मागच्या वर्षाचा असतो. भागीदारी फर्मचे ताळेबंद तर तिथे मिळतच नाहीत. तेव्हा रकान्यात अंदाज न घालता ‘विचारणे’ एवढेच लिहावे.