दोन कागद, एकच क्रमांक

आमच्या जुन्या कचेरीत एकदा परिपत्रक निघालं: मालमत्तेची विवरणपत्रं 30 जूनपर्यंत द्या. खरी तारीख होती 31 जुलै. चूक लक्षात येताच लिपिकानं तारीख बदलली आणि तोच जावक क्रमांक, तोच दिनांक ठेवून परिपत्रक पुन्हा पाठवलं. त्याला वाटलं, मिटलं! आठवडाभर प्रत्येक टेबलावर एकच वाद: तुझ्याकडचं खरं की माझ्याकडचं?

अशा वेळी काढायचं असतं शुद्धिपत्रक. त्याला स्वतःचा क्रमांक आणि आजचा दिनांक असतो. वर ‘वाचा’ या शीर्षाखाली मूळ परिपत्रकाचा क्रमांक आणि दिनांक. मजकूर एका वाक्याचा: ‘परिच्छेद 4 मधील “30 जून” या ऐवजी “31 जुलै” असे वाचावे. उर्वरित मजकूर कायम राहील.’ चुकीचे शब्दही जसेच्या तसे द्यायचे, म्हणजे हातातल्या कागदावर नेमकं काय खोडायचं ते कळतं. मूळ प्रत ज्यांना गेली, त्या सगळ्यांना हीही जाते. नस्तीत दोन्ही एकत्र लावायचे आणि मूळ प्रतीच्या समासात शुद्धिपत्रकाचा क्रमांक टिपायचा.

शुद्धिपत्रक लेखनातल्या चुकीपुरतंच. धोरणच बदलायचं असेल तर सुधारणा काढावी. आणि एकाच परिपत्रकाला तिसरं शुद्धिपत्रक जोडायची वेळ आली, तर सरळ ‘पूर्वीचे परिपत्रक अधिक्रमित करून’ असं म्हणत नवं काढावं. तीन कागद शेजारी ठेवून नियम कोण वाचणार?